पन्नास फोनांच्या एमडीएम प्रकल्पाच्या नोंदी (जून–जुलै 2025)

9 जून, सोमवार

आमची कंपनी लिफ्ट बसवण्याचे आणि त्यांच्या देखभालीचे काम करते. कार्यालय अंधेरी पूर्वेला आहे आणि टेक्निशियन गिरगावच्या जुन्या चाळींपासून बोरिवलीच्या नव्या मनोऱ्यांपर्यंत सगळीकडे फिरतात. कामाची नोंद, सोसायटीचे कागद, लिफ्टच्या कंट्रोलरचे नकाशे आणि ग्राहकांचे क्रमांक हे सारे त्यांच्या फोनमध्ये असते. मागच्या महिन्यात नोकरी सोडून गेलेल्या एका टेक्निशियनने फोन परत केला तेव्हा त्याचा पिन कोणालाच ठाऊक नव्हता आणि फोन कपाटात पडून राहिला. त्यानंतर मालकांनी सर्व फोन दूरवरून सांभाळणाऱ्या एका व्यवस्थेखाली, म्हणजे एमडीएमखाली, आणण्याचे काम माझ्याकडे सोपवले. कंपनीत आयटी विभाग म्हणजे मी एकटाच असल्यामुळे या नोंदी मी स्वतःसाठी आणि माझ्यानंतर येणाऱ्यासाठी ठेवत आहे.

आज फक्त मोजदाद केली. प्रत्येकाला `*#06#` दाबायला सांगून आयएमईआय क्रमांक लिहून घेतला आणि त्याच्या शेजारी मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि फोन कोणाच्या मालकीचा आहे हे नोंदवले. कंपनीने घेतलेले 38 अँड्रॉइड फोन टेक्निशियनांकडे आहेत, कार्यालयातील 9 जण स्वतःचा अँड्रॉइड फोन कामासाठी वापरतात आणि संचालकांकडे 3 आयफोन आहेत. कंपनीच्या 38 पैकी 2 फोन अँड्रॉइड 7 वर अडकलेले आहेत आणि त्यांना सुरक्षा अद्यतने कित्येक वर्षे आलेली नाहीत. ते बदलून घ्यावेत असे मालकांना कळवले आणि त्यांनी कुरकुर न करता मान्य केले, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

11 जून, बुधवार

कोणत्या फोनवर किती ताबा ठेवायचा हा पहिला निर्णय होता. अँड्रॉइडमध्ये यासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिल्यात संपूर्ण फोन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली जातो. दुसऱ्यात फोन कंपनीचा असतो, पण त्यात खाजगी बाजू वेगळी ठेवलेली असते. तिसऱ्यात कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनमध्ये कामापुरता एक बंद कप्पा तयार होतो, त्याला वर्क प्रोफाइल म्हणतात.

टेक्निशियनांसाठी दुसरा मार्ग वरवर सोयीचा वाटत होता, पण त्यांचे काम कसे चालते ते पाहिल्यावर मी तो सोडला. टेक्निशियन लिफ्टच्या मशीन रूममध्ये फोटो काढतो आणि तोच फोटो लगेच सोसायटीच्या सेक्रेटरींना व्हॉट्सॲपवर पाठवतो. दोन बाजूंच्या फोनमध्ये कामाच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कामाच्या बाजूलाच राहतो आणि खाजगी बाजूच्या व्हॉट्सॲपला तो दिसत नाही, त्यामुळे दिवसातून दहा वेळा 'फोटो जात नाही' असा फोन मला आला असता. शिवाय जवळजवळ प्रत्येकाकडे स्वतःचा वेगळा फोन आहेच. म्हणून 38 फोन पूर्णपणे व्यवस्थापित आणि 9 फोनांवर वर्क प्रोफाइल, असे ठरले.

पहिल्या मार्गाची किंमत एकच असली तरी ती मोठी आहे. फोन पूर्णपणे व्यवस्थापित करायचा तर तो फॅक्टरी रीसेट करून, स्वागताच्या पहिल्या पडद्यावरूनच नोंदवावा लागतो. वापरात असलेल्या फोनवर नुसते ॲप टाकून हे होत नाही. फोन हाती येताच आपोआप नोंदला जाण्याची गूगलची झीरो-टच ही सोय फक्त अधिकृत विक्रेत्यांकडून घेतलेल्या फोनांना मिळते आणि आमचे फोन साध्या दुकानातून तीन वेळा थोडे थोडे करून घेतलेले आहेत. म्हणजे प्रत्येक फोन हातात घेऊन पुसण्यावाचून गत्यंतर नाही. यापुढील खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, असे खरेदीच्या फाइलमध्ये लिहून ठेवले.

14 जून, शनिवार

दर शनिवारी सकाळी टेक्निशियनांची बैठक असते. तिथे काय होणार आहे ते सांगितले. सर्वांत ज्येष्ठ टेक्निशियनने सरळ विचारले, "दादा, आम्ही कुठे आहोत ते साहेबांना दिवसभर दिसणार का?" हा प्रश्न येणार हे ठाऊक होते आणि तो योग्यही आहे. फोनचे ठिकाण सतत नोंदवण्याची सोय आम्ही सुरू केलेली नाही, आणि सुरू करायची झाली तर आधी सर्वांना लेखी कळवले जाईल, असे मी सांगितले.

त्यानंतर एक पानी मराठी सूचना तयार केली. कन्सोलवर, म्हणजे सर्व फोन सांभाळण्याच्या माझ्या पडद्यावर, मला फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, त्यात टाकलेल्या ॲपची यादी आणि फोनचा शेवटचा संपर्क केव्हा झाला एवढेच दिसेल. मेसेज, कॉल, फोटो आणि व्हॉट्सॲपमधील मजकूर दिसणार नाही. मात्र फोन लॉक करण्याचा आणि पूर्ण पुसण्याचा अधिकार मला असेल. हे शेवटचे वाक्य मी ठळक अक्षरांत छापले, कारण ते बारीक अक्षरांत दडवले आणि पुढे कधी फोन पुसावा लागला तर उरलेल्या सूचनेवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

18 जून, बुधवार

चार फोनांवर चाचणी घेतली. पद्धत सोपी आहे. रीसेट झालेल्या फोनच्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवले की क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा उघडतो, आणि कन्सोलने दिलेला कोड दाखवला की पुढचे बहुतेक काम फोन स्वतः करतो. या कोडमध्ये नोंदणीच्या टोकनबरोबर वायफायचे नाव आणि पासवर्डही घालता येतो. सोय मोठी आहे, पण तो पासवर्ड कोडमध्ये साध्या मजकुराच्या रूपातच असतो, म्हणजे भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड म्हणजे भिंतीवर लिहिलेला पासवर्डच. म्हणून या कामासाठी वेगळे वायफाय नेटवर्क तयार केले आणि टोकनची मुदत एका दिवसाची ठेवली.

चारही फोन पाऊण तासात नोंदले गेले आणि मी खुश झालो, तेवढ्यात एका टेक्निशियनने विचारले, "गॅलरी कुठे गेली?" पाहतो तर गॅलरी नाही, कॅल्क्युलेटर नाही, घड्याळ नाही, आणि एका मॉडेलवर तर कॅमेराही नाही. हा बिघाड नव्हता. पूर्णपणे व्यवस्थापित नोंदणीत अँड्रॉइड अत्यावश्यक ॲप सोडून फोनसोबत आलेली बाकीची ॲप बंद ठेवते आणि कोणती उघडायची ते व्यवस्थापकावर सोपवते. क्यूआर कोडमध्ये एक ओळ घातली की सगळी ॲप सुरू राहतात.

```
"android.app.extra.PROVISIONING_LEAVE_ALL_SYSTEM_APPS_ENABLED": true
```

मी ती ओळ एका फोनवर घालून पाहिली आणि काढून टाकली, कारण तिच्यामुळे गॅलरीबरोबर निर्मात्याने कोंबलेले खेळ, जाहिराती दाखवणारे ब्राउझर आणि थीमची दुकानेही परत आली. त्याऐवजी हवी तेवढीच ॲप नावानिशी उघडायची ठरवली. त्यासाठी ॲपचे पॅकेज नाव लागते आणि ते प्रत्येक निर्मात्याचे वेगळे असते. प्रत्येक मॉडेलचा, अजून न नोंदलेला एकेक फोन संगणकाला जोडून यादी काढली.

```
adb shell pm list packages -s
```

आमच्याकडे चार मॉडेल आहेत आणि प्रत्येकासाठी कॅमेरा, गॅलरी, घड्याळ, कॅल्क्युलेटर आणि ध्वनिमुद्रण अशी पाच नावे शोधावी लागली. ध्वनिमुद्रण माझ्या यादीत नव्हते. लिफ्टच्या मोटरचा आवाज ध्वनिमुद्रित करून टेक्निशियन तो वरिष्ठांना ऐकवतात आणि बेअरिंग गेले आहे की नाही ते विचारतात, हे मला आजच कळले.

21 जून, शनिवार

आजचा दिवस व्हॉट्सॲपने खाल्ला, आणि या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ यालाच लागणार हे आता स्पष्ट झाले आहे.

अडचण अशी आहे की रीसेट केल्यावर व्हॉट्सॲपमधील जुने संवाद जातात. एरवी ते टेक्निशियनच्या खाजगी गूगल खात्यावर साठवलेल्या बॅकअपमधून परत आणता येतात, पण आमच्या नियमावलीत फोनवर नवे खाते जोडणे बंद आहे. ते उघडे ठेवले तर कंपनीच्या फोनमध्ये खाजगी खाते आणि त्या खात्यात कंपनीचे कागद, असा जुना गोंधळ परत येईल. दुसऱ्या बाजूने, सोसायट्यांशी झालेले तीन तीन वर्षांचे संवाद फेकून द्यायला मी कोणाला सांगू शकत नाही; कोणत्या लिफ्टचा कोणता भाग केव्हा बदलला याची खरी नोंद अनेकदा तिथेच असते.

मार्ग फोनच्या आतच सापडला. व्हॉट्सॲप रोज एक बॅकअप फोनच्या साठवणुकीतही ठेवते. आमच्या फोनांवर तो या ठिकाणी आहे.

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases/msgstore.db.crypt14
```

हे फोल्डर यूएसबी केबलने संगणकावर दिसते आणि उचलता येते. चाचणीच्या चार फोनांवर, ॲपच्या दुरुस्तीसाठी पुन्हा रीसेट करायचेच होते म्हणून, ही रीत करून पाहिली. आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप आत्ताच घ्यायला लावायचा, नाहीतर शेवटची फाइल पहाटेची असते आणि सकाळचे संवाद जातात. मग संपूर्ण `com.whatsapp` फोल्डर संगणकावर उतरवायचे, फोन रीसेट करून नोंदवायचा, फोल्डर त्याच जागी परत ठेवायचे आणि त्यानंतरच व्हॉट्सॲप पहिल्यांदा उघडायचे. त्याच क्रमांकाने नोंदणी केली की ते जुना बॅकअप सापडल्याचे सांगते आणि परत आणू का असे विचारते.

क्रम चुकला तर काय होते तेही पहिल्याच फोनवर कळले. व्हॉट्सॲप आपोआप उतरले होते आणि फोल्डर ठेवण्याआधी टेक्निशियनने ते उघडले, तेव्हा कोरे खाते सुरू झाले. ॲप काढून पुन्हा सुरुवात करायची म्हटले तर ते काढता येईना, कारण मी ते नियमावलीत सक्तीने टाकले होते. तेव्हापासून व्हॉट्सॲप सक्तीच्या यादीतून काढून 'हवे तर घ्या' या यादीत ठेवले आहे. पुन्हा पुन्हा नोंदणी केली की व्हॉट्सॲप पुढचा कोड देण्याआधी थांबायला लावते, त्यामुळे त्या बिचाऱ्याचा अर्धा दिवस गेला.

आणखी दोन अटी लक्षात ठेवायच्या आहेत. ज्याने बॅकअपला वेगळा पासवर्ड लावून कूटबद्ध केले आहे त्याची फाइल त्या पासवर्डाशिवाय निरुपयोगी आहे, म्हणून रीसेटच्या आधी ते सेटिंग प्रत्येक फोनवर डोळ्यांनी पाहायचे. आणि यूएसबीने फाइल नेणे नियमावलीने बंद केले तर फोल्डर परत ठेवताच येणार नाही, म्हणून नोंदणीच्या दिवसापुरती वेगळी, सैल नियमावली आणि दुसऱ्या दिवसापासून कडक नियमावली, असे दोन टप्पे केले.

24 जून, मंगळवार

कायम नियमावली पक्की केली. पडद्याचा पिन किमान सहा अंकी, दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन स्वतः पुसला जाणार, अनोळखी ठिकाणची ॲप बंद, नवे खाते जोडणे बंद, यूएसबीने फाइल नेणे बंद. याशिवाय रीसेट संरक्षणासाठी कंपनीचे एक गूगल खाते नोंदवले, म्हणजे कोणी बटणे दाबून फोन पुसला तरी पुन्हा सुरू करताना तो त्याच खात्याचा पासवर्ड मागेल. पूर्णपणे व्यवस्थापित फोनमध्ये असे खाते नियमावलीत दिले नाही तर हे संरक्षण मुळीच नसते, हे सहज नजरेतून सुटते. खात्याचा पासवर्ड लिफाफ्यात बंद करून मालकांच्या तिजोरीत ठेवला आहे.

28 जून, शनिवार

पहिली मोठी तुकडी. 16 जण आले आणि 15 फोन नोंदले गेले.

एका फोनला सरासरी चाळीस मिनिटे लागली. त्यातली नोंदणीची दहाच आहेत, बाकी सगळी व्हॉट्सॲपची. आठ-नऊ जीबीचे फोल्डर ऐकायला मोठे वाटत नाही, पण ते हजारो लहान फोटोंचे असते आणि यूएसबीवरून लहान फाइल फार हळू चालतात. तीन संगणकांवर एकेक फोन लावून, एक उतरत असताना दुसरा नोंदवायचा अशी साखळी दुपारपर्यंत चालवली. कॅन्टीनवाल्याने तीन वेळा चहा पाठवला.

सोळावा फोन अडकला. त्या टेक्निशियनने वेळ वाचावा म्हणून घरूनच आवाजाचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून फोन रीसेट करून आणला होता. सुरू केल्यावर फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागू लागला. ते खाते खरेदीच्या दिवशी दुकानदाराने घाईत उघडून दिलेले होते आणि त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. फोन चालू असताना सेटिंगमधून, पिन देऊन, रीसेट केला असता तर हा प्रश्न आला नसता. बटणांनी केलेला रीसेट फोनला चोरीसारखाच दिसतो. खरेदीचे बिल घेऊन फोन निर्मात्याच्या सेवा केंद्रात पाठवला. व्हॉट्सॲपचे संवाद तर रीसेटबरोबरच गेले होते. पुढच्या तुकडीला मी रात्रीच संदेश पाठवला आहे की फोन कोणीही घरी रीसेट करू नये, जसा आहे तसा चार्ज करून आणावा.

5 जुलै, शनिवार

दुसरी तुकडी. सेवा केंद्रातून गुरुवारी परत आलेला फोन आणि दोन नवे फोन धरून 18 झाले. एक टेक्निशियन गावी गेल्यामुळे राहिला होता, त्याचा सोमवारी करू. आज एकही अपघात झाला नाही, त्यामुळे लिहिण्यासारखे फारसे नाही.

10 जुलै, गुरुवार

राहिलेला फोन सोमवारी झाला आणि 38 पूर्ण झाले. कार्यालयातील 9 जणांच्या फोनांवर वर्क प्रोफाइल टाकले. इथे रीसेट लागत नाही आणि माणशी पंधरा मिनिटे पुरतात. लेखा विभागातील ताईंनी आधी ठाम नकार दिला होता, कारण फोनमध्ये नातवाचे फोटो आहेत. त्यांच्यासमोरच चाचणीच्या फोनवर प्रोफाइल टाकले आणि कन्सोलवरून काढून दाखवले. ब्रीफकेसचे चिन्ह असलेली ॲप गेली आणि बाकी सगळे जागच्या जागी राहिले. त्यानंतर त्या स्वतःहून पुढे आल्या.

संचालकांचे 3 आयफोन ही निराळी गोष्ट आहे. त्यासाठी ॲपल बिझनेस मॅनेजरमध्ये कंपनीचे खाते लागते आणि पडताळणीसाठी कंपनीची ओळख पटवणारा डी-यू-एन-एस क्रमांक द्यावा लागतो. ते काम जूनमध्येच सुरू केले होते म्हणून आज निभावले. एक गोष्ट मात्र ठळकपणे नोंदवून ठेवतो. आयफोनांना आदेश पोचवणारे ॲपलचे पुश प्रमाणपत्र एक वर्षच चालते आणि त्याचे नूतनीकरण त्याच ॲपल खात्यातून करावे लागते. तसे झाले नाही तर सर्व आयफोन नव्याने नोंदवावे लागतात. म्हणून हे खाते माझ्या नावाने न उघडता कंपनीच्या सामाईक ईमेलवर उघडले आहे आणि कार्यालयाच्या भिंतीवरील पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर खूण करायला सांगितले आहे.

15 जुलै, मंगळवार

दोन तक्रारी आल्या आणि दोन्ही बोधप्रद निघाल्या.

कन्सोलवरून दिलेला आदेश काही फोनांना क्षणात पोचतो आणि काहींना तासन्‌तास पोचत नाही, असे दिसत होते. आधी मी बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगला दोष दिला, कारण स्वस्त फोन मागे चालणारी ॲप बंद करतात हा सर्वांचाच अनुभव आहे. पण यादी नीट पाहिल्यावर लक्षात आले की उशीर लागणारे फोन त्या वेळी कार्यालयातच असतात. बाहेर पडून मोबाइल डेटावर गेले की आदेश लगेच लागू होतो. फोनला 'नवा आदेश आला आहे' हा इशारा गूगलच्या संदेशसेवेतून येतो आणि ती मुख्यतः 5228 हे पोर्ट वापरते. नोंदणीसाठी केलेल्या वेगळ्या वायफायवर मी वेबची दोनच पोर्ट उघडी ठेवली होती आणि टेक्निशियनांचे फोन अजून त्याच नेटवर्कला चिकटत होते. त्या नेटवर्कवर लॅपटॉप जोडून तपासले.

```
nc -vz mtalk.google.com 5228
```

जोडणी झाली नाही. 5228 ते 5230 ही पोर्ट बाहेरच्या दिशेने उघडली आणि उशीर संपला. चूक माझीच होती.

दुसरी तक्रार डोंबिवलीहून आली. एका टेक्निशियनच्या लहान मुलाने खेळता खेळता दहा वेळा चुकीचा पिन दाबला आणि फोन पुसला गेला. पाचव्या चुकीनंतर फोन थांबायला लावतो, तरीही पोरगा चिकाटीने बसला असणार. फोन कार्यालयात आणून पुन्हा नोंदवला, पण व्हॉट्सॲपचे 5 जुलैनंतरचे संवाद गेले, कारण फोनमधला बॅकअप फोनबरोबरच पुसला जातो. दहाची मर्यादा वाढवावी का, यावर मालकांशी चर्चा झाली. मी ती तशीच ठेवली आहे, कारण नेटवर्क नसतानाही चालणारा तो एकमेव पुसण्याचा उपाय आहे. त्याऐवजी महिन्यातून एकदा, शनिवारच्या बैठकीच्या दिवशी, यूएसबी तासाभरासाठी उघडून व्हॉट्सॲपचे फोल्डर उतरवून ठेवायचे ठरले.

22 जुलै, मंगळवार

आज पहिला फोन हरवला. टेक्निशियन सकाळच्या गर्दीत कुर्ल्याहून दादरला उतरला तेव्हा खिसा रिकामा होता. त्याला माझा क्रमांक पाठ नव्हता. दादर रेल्वे पोलिसांकडे तक्रार देऊन तो साइटवर गेला आणि तिथल्या सहकाऱ्याच्या फोनवरून 11.05 ला त्याने कळवले. कन्सोलवर फोनचा शेवटचा संपर्क 9.12 चा होता. म्हणजे फोन तेव्हाच बंद केलेला असणार.

11.08 ला लॉकचा आदेश दिला. 11.18 ला कन्सोलने दाखवले की आदेशाची मुदत संपली. आमचे कन्सोल गूगलच्या ज्या व्यवस्थेवर चालते तिच्यात वेगळे काही सांगितले नसेल तर आदेश दहाच मिनिटे जिवंत राहतो, आणि चाचणीत सगळे फोन चालूच असल्यामुळे हे माझ्या लक्षात आले नव्हते. मुदत सात दिवसांची केली. त्यापाठोपाठ फोन पुसण्याचाही आदेश दिला. तो फोन पुढच्या वेळी संपर्कात येईपर्यंत वाट पाहतो.

मग खरा पेच आला. मालक म्हणाले, "सिम लगेच बंद करा." पण सिम बंद झाले की मोबाइल डेटाही बंद होतो, आणि चोराने फोन सुरू केला तरी पुसण्याचा आदेश त्याच्यापर्यंत पोचायला वाट उरत नाही. सिम चालू ठेवावे तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की त्या क्रमांकावर येणारे ओटीपी चोराच्या हाती, आणि ओटीपी मिळाला की त्या क्रमांकाचे व्हॉट्सॲप आणि त्याच्यासोबत तेवीस सोसायट्यांचे ग्रुपही. सिमला पिन लावलेला असता तर हा धोका टळला असता, पण मग फोन बंद करून सुरू केल्यावर सिमच उघडले नसते आणि डेटाही आला नसता. म्हणजे आदेश पोचण्याच्या दृष्टीने फरक शून्य.

मी एक तास थांबून 12.15 ला सिम बंद करायला सांगितले. फोनमधील मजकूर सहा अंकी पिन आणि कूटबद्धतेच्या मागे आहे, तर ओटीपीच्या मागे काहीच नाही, असा माझा हिशेब होता. तो तासही मी आता थांबणार नाही. फोन बंद आहे असे कन्सोल सांगत असेल तर आदेश देऊन पाच मिनिटांत सिम बंद करायचे, असे कार्यपद्धतीत लिहिले आहे.

23 जुलै, बुधवार

त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले आणि राखीव फोन नोंदवला. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू होताच जुन्या फोनवरचे आपोआप बाद होते, त्यामुळे ती चिंता मिटली. संवाद जूनअखेरचे, पहिल्या तुकडीत उतरवलेल्या फोल्डरमधून आणले. मधले साडेतीन आठवडे गेले.

प्रत्येक टेक्निशियनच्या ओळखपत्राच्या मागे कार्यालयाचा आणि माझा क्रमांक छापून चिकटवला. दोन तासांतला निम्मा उशीर एवढ्याने वाचला असता.

29 जुलै, मंगळवार

पोलिसांच्या तक्रारीची प्रत, बिल आणि 9 जूनच्या यादीतील आयएमईआय क्रमांक देऊन सीईआयआर या हरवलेल्या फोनांसाठीच्या सरकारी पोर्टलवर फोन अडवण्याची विनंती दाखल केली. हे मुद्दाम आठवडाभर लांबवले होते, कारण आयएमईआय अडवला की त्या फोनमध्ये दुसरे सिम घातले तरी देशातल्या नेटवर्कवर तो चालत नाही आणि पुसण्याच्या आदेशाची उरलीसुरली वाटही बंद होते. आठवड्यात फोन एकदाही संपर्कात आला नाही. एक तर तो सुट्या भागांत विकला गेला असावा, नाहीतर बटणांनी पुसून सुरू केला असेल आणि कंपनीच्या खात्याच्या पासवर्डाशी येऊन थांबला असेल. यातले कोणते घडले हे मला कन्सोलवरून कळू शकत नाही.

कन्सोलच्या यादीत आज 51 उपकरणे आहेत. एकावन्नावी ओळ मी काढलेली नाही. तिच्यापुढे 'शेवटचा संपर्क 22 जुलै, 9.12' आणि 'आदेश प्रलंबित' असे लिहिलेले आहे.